आई व्हिडिओ कॉल उचलायला "दर वेळी विसरते": महिनाभर वहीत लिहिल्यावर सापडलेली खरी कारणं आणि उपाय

आमच्याकडे दर रविवारी सकाळी दहाला तोच प्रकार. मी पुण्यात, आई कराडला, वय 74, सातवी शिकलेली, पोथी रोज वाचते, डोकं एकदम तल्लख. मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावायचा, रिंग जायची जायची आणि बंद, मग साधा फोन लावायचा आणि ती म्हणणार, "अगं तू सांगितलंस तसंच केलं, वर सरकवलं तर गायबच झालं बघ." मी परत शिकवणार, ती परत हो म्हणणार, पुढच्या रविवारी परत तेच. दोन वर्षं मी हे "आईच्या लक्षात राहत नाही" या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

मग मागच्या उन्हाळ्यात महिनाभर तिच्याकडे राहिले आणि एक काम केलं, प्रत्येक वेळी अडलं की वहीत दोन ओळी लिहिल्या: आई काय म्हणाली, आणि त्या क्षणी पडद्यावर नक्की काय होतं. महिन्याने वाचलं तर लक्षात आलं की ती विसरत नव्हतीच. मी एक पडदा दाखवून शिकवत होते आणि फोन तिला त्याच कामासाठी वेगवेगळे पडदे दाखवत होता. ज्यांच्या घरी असाच प्रकार चालू आहे त्यांच्यासाठी सगळं लिहितेय. फोन अँड्रॉइड 14 वाला आहे, मध्यम किमतीचा, तुमच्याकडे मेनूची नावं थोडी इकडची तिकडे असतील.

पहिलं ते कॉल उचलण्याचं, कारण सगळ्यात जास्त वेळा वहीत हेच होतं. फोन लॉक असताना कॉल आला की पडदाभर कॉल दिसतो आणि खालचं बटण वर सरकवायचं असतं. मी शिकवताना फोन टेबलावर पडलेला असायचा, म्हणजे लॉक, त्यामुळे "वर सरकव" हे तिला पक्कं बसलं. पण रविवारी दहाला माझा फोन येणार हे तिला माहीत असतं ना, म्हणून ती आधीच फोन हातात घेऊन, उघडून, भावाच्या मुलीचे फोटो बघत बसलेली असते! आणि फोन उघडा असेल तर कॉल पडदाभर येतच नाही, वरच्या बाजूला एक छोटी पट्टी येते, त्यात नाव आणि दोन बटणं, आणि तिथे सरकवायचं नसतं, टॅप करायचं असतं. ती बिचारी शिकवल्याप्रमाणे वर सरकवते, त्यामुळे पट्टी वरच्या वर नोटिफिकेशनमध्ये जाऊन बसते. रिंग वाजतेय आणि पडद्यावर फोटोच. गायब झालं म्हणते ते शंभर टक्के खरं होतं.

यावर मी आधी "पट्टी आली तर हिरवं बटण दाब" असं दुसरं शिकवायला गेले, ते चाललं नाही, कारण बटणं शेजारी शेजारी आणि छोटी, तिचं बोट लाल बटणावर जायचं आणि मग "तू कट का केलास" म्हणून उलट मलाच ऐकवायची. मग हे केलं: पट्टीतल्या बटणांना हातच लावायचा नाही, नावावर टॅप करायचं, म्हणजे कॉल पडदाभर उघडतो आणि पुढे तिच्या ओळखीचं. आणि पट्टी गेलीच तर वरून बोट खाली ओढायचं, ती तिथेच असते, परत नावावर टॅप. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी शिकवण्यापेक्षा दुसरीला पहिलीकडे आणून सोडलं. सराव कसा घेतला ते महत्त्वाचं आहे: मी शेजारच्या खोलीतून दिवसाला दोनदा कॉल करायचे, एकदा फोन लॉक करून ठेवलेला असताना, एकदा ती फोटो बघत असताना, आणि तोंडाने एक शब्द बोलायचे नाही. पाचव्या दिवसापासून दोन्ही जमायला लागलं.

कॉल वाजतच नाही ही तक्रार वेगळी, तिचा वरच्याशी संबंध नाही. ओळखायची खूण अशी की आईने स्वतः व्हॉट्सॲप उघडलं की मग एकदम मिस्ड कॉल दिसतात. असं असेल तर फोन बॅटरी वाचवायला ॲपला मागे झोपवतोय. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात व्हॉट्सॲप, त्यात बॅटरी, आणि तिथे Unrestricted करायचं. आणि साधा फोन वाजतो का तेही बघा, तोही वाजत नसेल तर एकतर आवाजाचं बाजूचं बटण चुकून दाबलं गेलंय नाहीतर Do Not Disturb चालू झालंय.

आता हे Do Not Disturb चालू होतं कसं? तर वरून बोट ओढलं की जो पडदा खाली येतो, ज्यात टॉर्च वायफाय वगैरेची बटणं असतात, तिथून. आईला टॉर्च लागतो, पहाटे उठून अंगणात जाताना. ती टॉर्च शोधताना आजूबाजूची दोन बटणं दाबते. आणि अँड्रॉइड 12 पासून तिथे अजून दोन भानगडीची बटणं ठेवता येतात, Camera access आणि Mic access. यातलं एक बंद झालं की फोनमधल्या सगळ्या ॲप्सचा कॅमेरा किंवा माईक एकदम बंद. आईच्या फोनवर एका रविवारी मला नुसतं काळं दिसत होतं, तिला मी व्यवस्थित दिसत होते, मी व्हॉट्सॲपच्या परवानग्या तपासल्या, ॲप काढून परत टाकलं (हे करू नका, बॅकअप नसेल तर चॅट जातात, माझ्याकडून तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपमधल्या सगळ्या जुन्या ओव्या गेल्या आणि ते अजून ऐकतेय), आणि शेवटी कळलं की वरचं Camera access बंद आहे. एक टॅप.

त्यामुळे काळं दिसतंय अशी तक्रार आली की आधी विचारायचं, कोणाला काय दिसतंय. आईला मी दिसते पण मला काळं दिसतं, म्हणजे भानगड तिच्या कॅमेऱ्याकडे: बोट कॅमेऱ्यावर आहे, किंवा कॉलमधलं कॅमेऱ्याचं बटण बंद झालंय, किंवा ते वरचं बटण. बोट असेल तर अगदी ठार काळं नसतं, लालसर झाक दिसते आणि हलतं. मला छताचा पंखा दिसतो म्हणजे फोन मांडीवर आडवा पडलाय, आणि मला समोरची भिंत आणि कॅलेंडर दिसतं म्हणजे मागचा कॅमेरा लागलाय, कॅमेरा उलटा करायचं बटण दाबलं गेलंय. आणि मला कान दिसत असेल तर, हसू नका, तिने सवयीने फोन कानाला लावलाय. व्हिडिओ कॉलचा आवाज स्पीकरवर येतो हे तिला पटायला वेळ लागला, तिला वाटायचं की सगळ्या वाड्याला ऐकू जातंय, आणि ते खरंही होतं.

हे सगळं हातात धरण्यामुळे होतं. एका हाताने वरून धरलं की बोट कॅमेऱ्यावर, खालून धरलं की माईकचं भोक झाकलं जातं. स्टँड आणला होता तो नातवाने मोडला. आता पोह्याचा स्टीलचा डबा आणि त्याला टेकवून फोन, खाली घडी घातलेलं फडकं म्हणजे सरकत नाही. डबा ओट्यावर नाही, खिडकीकडे पाठ होणार नाही अशा जागी, नाहीतर तोंड काळं दिसतं.

आणि त्या वरच्या पडद्यातली नको ती बटणं काढूनच टाका. तो पडदा पूर्ण खाली ओढायचा, पेन्सिलचं चित्र असतं ते दाबायचं आणि बटणं ओढून बाहेर टाकायची. आईकडे आता पहिल्या ओळीत टॉर्च, वायफाय आणि मोबाइल डेटा एवढंच आहे. विमानाचं चित्र तर आधी काढा.

आता फॉन्ट. इथे चूक पूर्ण माझी. फोन आणला त्या दिवशी प्रेमाने सगळं मोठ्यात मोठं करून ठेवलं. सेटिंगमध्ये Display size and text म्हणून जे आहे त्यात दोन वेगळे स्लायडर असतात, वरचा नुसती अक्षरं मोठी करतो, खालचा सगळंच मोठं करतो, आयकॉन बटणं सगळं. अँड्रॉइड 14 मध्ये अक्षरं दुपटीपर्यंत जातात. मी दोन्ही शेवटापर्यंत ओढले. आईला खूप आवडलं, पोथीसारखं दिसतं म्हणाली. पण मग काय झालं, पडदा तेवढाच ना, अक्षरं दुप्पट म्हणजे एका ओळीत मावतं निम्मं. चॅटच्या यादीत नाव अर्धं कापलं जाऊन पुढे तीन टिंबं, माझं आणि माझ्या जावेचं नाव सुरुवातीला सारखंच आहे त्यामुळे ती मला लावायला जायची आणि लागायचा जावेला. काही पडद्यांवर खालचं बटण पडद्याच्या बाहेर गेलेलं, सरकवल्याशिवाय दिसत नाही, आणि तिथे सरकवायचं असतं हे कळायला तिथे काहीतरी दिसायला तर हवं.

मी फोनवरून सांगायचे, "आई खाली उजवीकडे बटण आहे बघ", आणि ती शपथेवर सांगायची की नाहीये. माझ्या फोनवर होतं, तिच्या फोनवर खरंच नव्हतं.

आता ठेवलंय ते असं. खालचा, सगळं मोठं करणारा स्लायडर मूळ जागेपासून एकच घर पुढे. वरचा, अक्षरांचा, शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या घरावर. आणि हे ठरवताना तिला "दिसतंय का" विचारलं नाही, कारण ती हो म्हणते. तिचा रोजचा चष्मा लावायला सांगितला, फोन ती नेहमी धरते तसा धरायला लावला, आणि पाच पडदे मोठ्याने वाचायला लावले: चॅटची यादी, उघडलेला चॅट, चालू व्हिडिओ कॉल, साध्या फोनचा डायलर आणि बँकेचा एसएमएस. वाचता आलं आणि काही कापलंही गेलं नाही की थांबायचं. वाचता येत नसेल तर अक्षरं एक घर पुढे, कापलं जात असेल तर खालचा स्लायडर एक घर मागे. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःचं वेगळं अक्षराचं सेटिंग आहे, Chats मध्ये Font size, ते Large केलं, त्याने फक्त चॅटमधले मेसेज मोठे होतात, बटणं हलत नाहीत, म्हणून ते बिनधास्त करा. नावांचं म्हणाल तर कॉन्टॅक्टमध्ये माझं नाव बदलून नुसतं "ताई पुणे" केलं, छोटं नाव कापलं जात नाही.

फॉन्टच्याच नादात अजून एक गोष्ट मी चालू करून ठेवली होती ती म्हणजे Magnification, पडद्यावर तीनदा टॅप केलं की भिंग लावल्यासारखं होतं. आई एखादं बटण लागलं नाही की तीन-चार वेळा ठोकते, दाराची कडी वाजवावी तशी. लगेच भिंग चालू! मग पडदा अर्धाच दिसतो, बाकीचं बाहेर, आणि तिचा फोन येतो की "मोबाईल सुजलाय". खूण म्हणजे पडद्याच्या कडेने रंगीत चौकट दिसते. परत तीनदा टॅप केलं की जातं, पण त्यापेक्षा Accessibility मध्ये जाऊन तो तीन टॅपचा शॉर्टकट बंदच करा, तो चालू असला की साधा टॅपही जरा उशिरा लागतो, कारण फोन थांबून बघतो अजून दोन टॅप येतायत का.

बटण लागत नाही याचंही कारण विचित्र निघालं. टचस्क्रीनला बोटाच्या कातडीतून थोडी वीज वाहायला लागते आणि वय झालं की बोटांची टोकं कोरडी पडतात, त्यातून आईचे हात आयुष्यभर भांडी घासून आणि भाकऱ्या थापून झालेले. मग ती जोर लावून दाबून धरते, आणि दाबून धरलं की फोनला वाटतं वेगळंच काहीतरी हवंय, आयकॉन उचलला जातो, इकडे तिकडे पडतो, फोल्डरात जातो. "व्हॉट्सॲप हरवलं" ही तक्रार महिन्यातून दोनदा यायची ती याची. सेटिंगच्या Accessibility मध्ये Touch & hold delay आहे ते Long केलं आणि होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये आयकॉन जागचे हलू नयेत असं कुलूप असतं, काही फोनवर Lock Home screen layout नावाने, ते लावलं. आणि खोबरेल तेलाचा एक थेंब बोटांना चोळून चांगलं पुसून मग फोन घ्यायचा, हा उपाय तिचाच आहे, सुईत दोरा ओवतानाचा.

बोलून शोधण्याचं शेवटी घेतलं कारण ते शेवटी जमलं. मला वाटलं होतं की हे सगळ्यात सोपं, टायपिंगच नको. मराठीत बोलून टाइप करणं गुगलने 2017 मध्ये आणलं, म्हणजे नवीन काही नाही. पण माझ्या वहीत माईकच्या नावाने जे गोंधळ आहेत ते वाचून मलाच हसू आलं. आईच्या फोनवर माईकची तीन चित्रं होती. एक होम स्क्रीनवर गुगलच्या पट्टीत, तो एकदा टॅप करून सोडायचा आणि बोलायचं. दुसरा व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये, तो दाबून धरायचा, बोलायचं आणि मग सोडायचं. तिसरा कीबोर्डवर, तो बोललेलं टाइप करतो. चित्र तिन्हीकडे साधारण तेच! तिने गुगलचा माईक दाबून धरला आणि व्हॉट्सॲपचा टॅप करून सोडला, आणि दोन्ही चालले नाहीत तर चूक कोणाची, तुम्हीच सांगा. त्यात व्हॉट्सॲपच्या माईकवर बोलताना बोट जरा डावीकडे घसरलं की रेकॉर्डिंग रद्द होतं, त्यामुळे तिचे दोन-दोन मिनिटांचे निरोप हवेत गेले आणि ती समजायची की मला मिळाले आणि मी उत्तर दिलं नाही.

उपाय: कीबोर्डचा माईक काढूनच टाकला, जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Voice typing आहे तिथून बंद. राहिले दोन. व्हॉट्सॲपचा दाबून लगेच वर सरकवायचा, म्हणजे कुलूप लागतं आणि बोट उचललं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं, मग निवांत बोलून शेवटी बाण दाबायचा. गुगलचा फक्त टॅप. गुगलच्या माईकशेजारी कॅमेऱ्याचं चित्र असतं, तिथे बोट गेलं की कॅमेरा उघडतो, तर मागे यायचं बटण दाबायचं एवढंच. मागे यायच्या बटणावरून आठवलं, फोन जेश्चरवर असेल तर तो तीन बटणांवर आणा, System navigation मध्ये 3-button navigation. कडेने सरकवून मागे जाणं मी तीन महिने शिकवलं, व्यर्थ.

बोलून शोधताना उत्तर भलतंच येत असेल तर आधी ती काय बोलली ते पडद्यावर कुठल्या लिपीत उमटलं ते बघा, निदान तिथेच होतं. आईने विचारलं "एकादशी कधी आहे" आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत काहीतरी असंबद्ध आलं, म्हणजे भाषा चुकीची लागलीय. गुगल ॲप, वरचा प्रोफाइलचा फोटो, Settings, त्यात Voice, त्यात Languages, तिथे मराठी ही मुख्य भाषा करायची. देवनागरीत उमटलं पण शब्द चुकीचे, तर भाषा बरोबर आहे, आवाजाची अडचण आहे: टीव्ही चालू, मिक्सर चालू, किंवा फोन हातभर लांब. आणि काहीच उमटलं नाही तर नेट नाहीतर माईकची परवानगी, किंवा परत ते वरचं Mic access.

अजून एक असतं ते म्हणजे अर्धंच वाक्य उमटणं. आई माईक दाबते आणि मग विचार करते, "अं... ते आपलं... काय बरं त्याचं नाव..." आणि जरा थांबलं की फोनला वाटतं झालं बोलून, तो "ते आपलं" एवढंच शोधून मोकळा. म्हणून क्रम उलटा केला: आधी काय विचारायचं ते मला मोठ्याने सांगायचं, मग माईक, मग तेच वाक्य एका दमात. आणि गावाचं नाव घालायचं. नुसतं "एसटी किती वाजता" नाही, "कराड पंढरपूर एसटी वेळ". अर्थात आलेली वेळ तिने स्टँडवर फोन करून परत विचारलीच, आणि ते बरंच केलं.

मी पुण्याला परत आल्यावर लांबून बघायला व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमधलं स्क्रीन शेअर कामाला येतं, ते 2023 पासून आहे. तिचा पडदा मला दिसतो आणि "खाली उजवीकडे" वरून वाद होत नाहीत. पण हे शिकवताना भीती वाटलीच, कारण हाच पडदा दुसऱ्या कोणी मागितला आणि त्यात ओटीपी आला तर संपलं, आणि पोलिसांच्या वेषात व्हिडिओ कॉल करून घाबरवणारे, ते डिजिटल अरेस्टवाले, ते वयस्कर माणसंच बघतात. म्हणून आधी व्हॉट्सॲपच्या Privacy मध्ये Calls, तिथे Silence unknown callers चालू केलं, अनोळखी नंबर वाजतच नाही. आणि आईला सांगितलं की पडदा दाखव असं फक्त मीच म्हणणार, आणि मीसुद्धा म्हणाले तर आधी आजोबांचं टोपणनाव विचार. पहिल्याच वेळी तिने खरंच विचारलं आणि मला पटकन आठवेना. वरून 1930 हा सायबर तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलाय.

सध्या अडलंय ते एवढंच की व्हॉट्सॲप अपडेट झालं की एखादं बटण जागा बदलतं आणि गाडी परत पहिल्या स्टेशनवर. ॲपचं आपोआप अपडेट बंद करून मी गेल्यावर स्वतः करावं असा विचार आहे, पण फार जुनं झालं की ते चालायचंच बंद होतं, त्यामुळे महिना-दीड महिन्यातून एकदा कराडची फेरी धरलीय. मागच्या रविवारी दहाला पाच कमी असतानाच माझा फोन वाजला, तिनेच लावला होता, आणि मला दिसत होता फक्त पोह्याचा डबा, अगदी जवळून.

"आई, कॅमेरा उलटा झालाय."

"माहितेय मला. पोहे संपलेत, येताना घेऊन ये."